वजनाच्या रिकाम्या रकान्यात सरासरी का भरायची नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, रोजच्या तक्त्यात कशा उतरवायच्या यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया : "लेख वाचला. रकाने फार झालेत. ज्या बिल्टीवर वजन नाही तिथे नगाला सरासरी लावून टाकली की काम संपतं, पार्टीला संध्याकाळी स्टेटमेंट मिळतं. गाडीचे शेवटचे चार आकडे पुरतात. खुर्चीत बसून नियम लिहिणाऱ्यांनी एकदा गोदामात उभं राहून बघावं, मग कळेल."

नमस्कार,

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. माझे वडील सोलापुरात एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क होते. कॉलेजात असताना गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मी त्यांच्या शेजारी बसून बिल्ट्या उतरवल्या आहेत, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच काम पगारावर केलं आहे. चादरीच्या गठाणी फलाटावरून गाडीत चढताना मुकादम कसा मोजतो, दर पाच नगांना भिंतीवर खडूची आडवी रेघ कशी मारतो, हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. मुद्दा पटला नाही तर तो खोडा, मी वाचेन. समोरच्यानं काम केलंय की नाही हे न विचारता ठरवून टाकणं मात्र मला आवडलं नाही, आणि ते इथेच सांगते.

रकान्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. हमाली आणि शेरा हे रकाने रोजच्या तक्त्यात नसले तरी अडत नाही. ते लपवून ठेवा.

पण सरासरीचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, ते मी तसं सोडणार नाही.

हैदराबादच्या एका गाडीचा हिशोब सांगते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. त्या दिवशी बिल्टी पुस्तकातले 3351 ते 3372 हे 22 नंबर वापरले गेले आणि सगळा माल एकाच गाडीत चढला. ऑफिसात आलेल्या प्रतींपैकी 20 बिल्ट्यांवर नग आणि वजन दोन्ही होतं : 190 नग, 7,980 किलो. 3358 वर 18 नग होते, पण कार्बन सरकल्यामुळे वजनाचा रकाना कोरा उठला होता. आणि 3364 ची प्रतच नव्हती. काट्याची पावती : भरलेली गाडी 15,490, रिकामी 6,620, म्हणजे माल 8,870 किलो.

आता तुमच्या पद्धतीनं करू. 7,980 भागिले 190, सरासरी 42 किलो. 18 नगांचे 756. बेरीज 8,736. काट्यापेक्षा 134 किलो कमी. एवढ्या फरकाला आपल्याकडे उत्तर तयार असतं : रिकाम्या गाडीचं वजन झाल्यावर ड्रायव्हरनं डिझेल भरलं असेल. हे पटण्यासारखंही आहे, कारण 200 लिटर डिझेल साधारण 165 किलो भरतं आणि ते वजन मालात धरलं जातं. मग 3364 समोर कुणीतरी 'रद्द' लिहितो, स्टेटमेंट जातं, आणि तक्ता बघणाऱ्याला कुठेही खोट दिसत नाही.

खरं काय होतं? 3358 चा माल चादरीचा नव्हताच, टॉवेलचे छोटे बॉक्स होते. पार्टीच्या पॅकिंग लिस्टवर नगाला 22 किलो होतं. म्हणजे वजन 396, तुमच्या आकड्याच्या जेमतेम निम्मं. ते मांडलं की बेरीज 8,376 होते आणि काट्याशी फरक 494 किलोचा पडतो. एवढं डिझेल अशा गाडीच्या टाकीत मावत नाही. म्हणजे बिल्टीवर न दिसणारा माल गाडीत होता. ड्रायव्हरला फोन लावला तेव्हा तो नळदुर्गला चहाला थांबला होता. त्यानं पाकीट उघडलं तर 3364 च्या सगळ्या प्रती एकत्र टाचलेल्या, ऑफिसची प्रत फाडायची राहिलेली : 11 गठाणी, 484 किलो. बेरीज 8,860. उरलेले 10 किलो काट्याच्या एका टप्प्याएवढे, ते मी सोडते.

सरासरीनं वजन 360 किलो चुकलं, हा त्यातला छोटा भाग आहे. (टू पे बिल्टी असती, म्हणजे भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं असतं, तर किलोला 2 रुपये धरूनही पार्टीकडून 720 रुपये जास्त मागितले गेले असते आणि पहिला फोन तिचाच आला असता.) मोठा भाग हा की त्या 360 किलोंनी हरवलेल्या बिल्टीची जागा भरून काढली. नंबर तुटला एवढंच मालिका सांगते. ती बिल्टी रद्द झाली की गाडीबरोबर निघून गेली, हे मालिकेला सांगता येत नाही, ते वजन सांगतं. खरी रद्द बिल्टी असेल तर तिच्या सगळ्या प्रती काट मारून पुस्तकातच असतात. त्या हातात नसतील तर 'रद्द' लिहायचं नाही.

म्हणून तक्त्यात A मध्ये पुस्तकातले छापील नंबर आधीच ओळीनं टाकायचे, B मध्ये हातातल्या प्रतीवरचा नंबर, C मध्ये नग, D मध्ये वजन. मग 2 ते 23 या ओळींसाठी दोनच सूत्रं :

```
=COUNTIF(B$2:B$23,A2)
=COUNTBLANK(D2:D23)
```

पहिलं सूत्र प्रत्येक ओळीत उतरवायचं. 0 आला तर प्रत नाही, 2 आला तर एकच नंबर दोनदा लिहिला गेलाय किंवा चुकीचा वाचलाय. दुसरं सूत्र बेरजेच्या शेजारी ठेवायचं. आपल्या गाडीत ते 2 दाखवतं, आणि तो आकडा शून्य होईपर्यंत बेरजेखाली 'अपूर्ण' हा शब्द राहतो. SUM कोऱ्या घराला गुपचूप शून्य धरून पुढे जातो, म्हणून ही सोय. वजन नसेल तिथे 0 सुद्धा लिहू नका, तो मोजून आलेला आकडा ठरतो.

स्टेटमेंट संध्याकाळीच हवं असेल तर अपूर्ण द्या, तसं लिहून द्या. पार्टी चिडते, मला माहीत आहे, मी ती बोलणी ऐकली आहेत. पण 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मालाच्या पावतीवरचं, म्हणजे बिल्टीवरचं, वजन आणि नगसंख्या हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. माल कमी पोहोचला तर ती पावती समोर येते. तुमचा तक्ता तिच्यावरून उतरवलाय असं तुम्ही म्हणता आणि त्यात 756 हा आकडा कुठल्याच पावतीवर नाही. तो कुठून आला, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

अंदाज करायचाच असेल तर शेजारच्या वेगळ्या रकान्यात करा, आणि त्याच पार्टीच्या त्याच मालाच्या जुन्या बिल्ट्यांवरून करा. चादर, टॉवेल आणि यंत्राचे सुटे भाग एकत्र मिसळून काढलेली सरासरी कुठल्याच नगाचं वजन सांगत नाही.

गाडीच्या नंबराबद्दल थोडक्यात : एमएच 13 च्या प्रत्येक मालिकेत तेच चार आकडे पुन्हा येतात आणि ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये पूर्ण नंबर लागतो. यावर मी वाद घालणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी एखाद्या गाडीची काटा पावती आणि बिल्ट्यांचे आकडे, पार्टीची नावं झाकून, सोबत लिहा. त्यावर बोलू.