पाठ फिरवण्याचे ३५५ पौंड

मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या देशात वाढलो. तरीही १२ जुलै २०२५ च्या शनिवारी मँचेस्टरच्या हीटन पार्कात, ऐंशी हजार माणसांच्या देखत माझी उभी राहायची जागा गेली, आणि मी ते डोळ्यांनी पाहूही शकलो नाही. कारण तेव्हा माझी स्टेजकडे पाठ होती आणि मी दोन अनोळखी माणसांच्या गळ्यात हात टाकून उड्या मारत होतो. ते मी आपणहून केलं नव्हतं. स्टेजवरून तशी आज्ञा झाली होती.

ओएसिस हा इंग्लिश रॉक बँड सोळा वर्षांनी परत आला होता. थोरला नोएल आणि धाकटा लिअम गॅलाघर हे सख्खे भाऊ २८ ऑगस्ट २००९ ला पॅरिसमध्ये, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टेजमागे भांडले, त्यात एक गिटार मोडली, आणि बँड संपला. मग २७ ऑगस्ट २०२४ ला जाहीर झालं की दोघं पुन्हा एकत्र गाणार. ही बातमी मी आईला फोनवर सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "समेट कुणी घडवला? मामाने?"

मी म्हटलं, मामाचं माहीत नाही, पण मी तिकीट काढतोय.

"कसलं तिकीट?"

"ते दोघं एकत्र येणार ते बघायचं."

आई जरा वेळ गप्प झाली. आमच्या गावी तिच्या दोन चुलत दिरांत बांधावरून बावीस वर्षं अबोला होता. एका लग्नात दोघं शेजारी शेजारी पंगतीला बसले आणि एकाने दुसऱ्याच्या पानात मठ्ठा वाढला, विषय संपला. मांडवातलं कुणी उठून पैसे मोजायला लागलं नाही. "आणि पुन्हा भांडले तर पैसे परत देतात का?" आईने विचारलं. या दौऱ्याविषयी मी ब्रिटिश वर्तमानपत्रांत वर्षभर जे काही वाचलं, त्यात इतका मुद्देसूद प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

तिकिटांचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला लागलो की माझा रक्तदाब वाढतो. ३१ ऑगस्टला सकाळी नऊला विक्री सुरू झाली. पडद्यावरच्या रांगेत माझ्यापुढे एक लाख साठ हजार माणसं होती. मी बसलो, पोहे खाल्ले, पुन्हा बसलो. सकाळी उभ्याचं तिकीट होतं साधारण १४८ पौंड. दुपारी माझा नंबर लागला तेव्हा त्याच उभ्याच्या तिकिटाचे झाले होते ३५५. खाली घड्याळ उलटं पळत होतं. या मिनिटांत घ्या, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेपटाला. रुपयांत चाळीस हजारांना थोडेच कमी. मी घेतलं. बायको मागून म्हणाली, "खुर्ची तरी असेल ना?" उभ्याचं तिकीट, खुर्ची कुठली!

तेव्हा सगळ्यांचा समज होता की एखादं यंत्र मागणी बघून मिनिटामिनिटाला भाव चढवतंय. नंतर तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी नियामकाने चौकशी केली, तेव्हा चित्र जरा वेगळं निघालं. उभ्याच्या तिकिटांचे दोन गठ्ठे होते, एक स्वस्त आणि एक महाग. स्वस्त गठ्ठा संपला की महाग उघडायचा, आणि असे दोन गठ्ठे आहेत हे रांगेतल्या माणसाला आधी नीट सांगायचं नाही. मला हे यंत्रापेक्षाही जास्त लागलं. यंत्राने लुबाडलं असतं तर निदान विज्ञानाच्या प्रगतीला हातभार लावल्याचं समाधान मिळालं असतं. गठ्ठ्यावाला तर आमच्या गावच्या यात्रेत नारळ विकणाराही होता.

असो. हीटन पार्क. त्या दिवशी मँचेस्टरमध्ये चक्क ऊन होतं, गवत पिवळं पडलेलं. मी दुपारपासून उभा राहून, कोपराकोपराने सरकत, स्टेज दिसेल अशी एक फट मिळवली होती. माझ्या डाव्या हाताला गोल झालरीची टोपी घातलेले एक पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, सोबत त्यांची बायको. उजवीकडे एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिच्या डोक्यावरही तीच टोपी. तिथे सगळ्यांच्याच डोक्यावर ती टोपी होती. माझ्या डोक्यावर रुमाल होता.

"९६ ला कुठे होतास, मेट?" टोपीवाल्याने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सांगलीला. हॉस्टेलच्या खोलीत, दोनदा भरलेली कॅसेट ऐकत. तिच्यात शेवटच्या गाण्यानंतर कुणाच्या तरी बहिणीच्या साखरपुड्याची सनई वाजायची.

"मी नेबवर्थला होतो," तो म्हणाला, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं तो नेबवर्थलाच होता. ऑगस्ट १९९६ मध्ये ओएसिसने तिथे दोन रात्री गाऊन अडीच लाख माणसं जमवली होती. तिकिटं मागणारे त्याच्या दहापट, पंचवीस लाखांच्या घरात. आज इंग्लंडात पन्नाशी ओलांडलेला जो भेटतो तो त्या अडीच लाखांतलाच असतो. आपल्याकडे २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर होतो म्हणणाऱ्यांची बेरीज केली तर ते स्टेडियम चर्नी रोडपर्यंत बांधावं लागेल.

मग परीक्षा सुरू झाली. "बँडचा मूळ ड्रमर कोण?"

"टोनी मॅकॅरॉल."

"अॅलन व्हाइट," तो समाधानाने म्हणाला. "मी या डोळ्यांनी पाहिलाय."

"व्हाइट ९५ ला आला," उजवीकडची मुलगी म्हणाली. तिने फोनमधून मानही वर केली नाही. बँड फुटला तेव्हा ती बालवाडीत असणार. टोपीवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आमचे हेडमास्तर शिपायाने व्याकरण सुधारलं तर बघायचे.

ही मुलगी मला दिवसभर छळत राहिली. तिला कसली आठवण येणार? मग लक्षात आलं की मलाही कसली येणार. सनई मिसळलेली कॅसेट ही काही मँचेस्टरची आठवण नव्हे. आम्ही दोघंही दुसऱ्याच्या आठवणीची तिकिटं काढून आलो होतो. नेबवर्थवाला तेवढा खरा, असं मी तोवर धरून चाललो होतो.

भाऊ आले. हातात हात घालून आले, आणि ऐंशी हजार माणसांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी आजवर फक्त विसर्जनाच्या मिरवणुकीत ऐकला होता. लिअम नेहमीसारखे हात मागे बांधून, मान वर करून, माइकशी भांडायला आल्यासारखा उभा. दुसरं गाणं अॅक्विएस. त्यात कडवं लिअम गातो आणि धृपद नोएल. त्या एका जोडावर मी गप्प झालो. धाकट्याने २०२२ मध्ये एकट्याने नेबवर्थ भरवून दाखवलं होतं, थोरल्याचा स्वतःचा बँड आहे, दोघंही जुनी गाणी आपापल्या मांडवात गात होते. पण कडव्याचा आवाज इकडे आणि धृपदाचा तिकडे, अशी वाटणी झालेली. बांधाच्या दोन बाजूंना एकेक बैल.

बाकी बाजू पैशाची, आणि तीही भाऊबंदकीचीच. गाणी जवळपास सगळी नोएलने लिहिलेली. रेडिओवर, दुकानात, जाहिरातीत गाणं वाजलं की लिहिणाऱ्याच्या खात्यात मानधन पडत राहतं, तो घरी झोपलेला असला तरी. गाणाऱ्या गळ्याची मोठी कमाई उभं राहून गायल्यावरच. म्हणजे एकाकडे सातबारा आणि दुसऱ्याकडे कसायची ताकद. अशा घरात समेट व्हायला पंधरा वर्षं लागली तर नवल नाही. आणि झाल्यावर नवं पीक कुणालाच नको असतं. त्या रात्रीच्या तेवीस गाण्यांत १९९७ नंतरचं गाणं अवघं एक, तेही २००२ चं. ते सुरू झालं तेव्हा माझ्या आसपासचे निम्मे लोक शौचालयाच्या रांगेत होते.

तर सहावं गाणं. लिअमने सांगितलं, पाठ फिरवा, शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाका, उड्या मारा. याला तिथे 'पोझनान' म्हणतात. ३५५ पौंड देऊन ज्याला बघायला आलो त्याच्याकडे पाठ करायची! पण ऐंशी हजार माणसं वळली की आपण वेगळं उभं राहून काय सिद्ध करणार? वळलो. एक हात त्या मुलीच्या खांद्यावर, दुसरा एका टक्कल असलेल्या, घामाने न्हालेल्या माणसाच्या. सगळ्यांसोबत खालीवर होताना मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. फार झाला.

गाणं संपलं. वळलो, तर समोर टोपी.

गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांची पिशवी माझ्या फटीत उभी होती. उड्या न मारता, सगळ्यांची पाठ असताना हे दोघं सावकाश एक पाऊल पुढे आले होते. कदाचित दीड.

"मी इथे उभा होतो," मी म्हणालो.

"उभ्याच्या तिकिटाला जागा नसते, मेट," तो मागे न बघता म्हणाला.

बरोबरच होतं, म्हणून आणखी चीड आली. "तिकीट कितीला पडलं तुम्हाला?" मी विचारलं. बायका विचारतात तसं, साडीचं.

"१४८." मग वळून, अगदी सहानुभूतीने, "तुला?"

मी दीडशे सांगितलं. का सांगितलं ते देव जाणे.

"पण मजा आली ना?" तो म्हणाला. "नेबवर्थलाही आम्ही असंच केलेलं. पाठ फिरवून. सगळे."

मी मान डोलावली. पुढची सतरा गाणी त्याच्या टोपीच्या झालरीवरून जेवढी दिसली तेवढी पाहिली. लिअम कपाळापासून वर दिसत होता, नोएल डावीकडे झुकलं की.

ट्रामच्या रांगेत, रात्री, पाय सुजलेले असताना, डोक्यात काहीतरी टोचत होतं. पोझनान हे पोलंडमधलं शहर. तिथल्या फुटबॉल संघाचे पाठीराखे मैदानाकडे पाठ करून उड्या मारायचे. मँचेस्टर सिटी या इथल्या फुटबॉल क्लबच्या लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं २०१० मध्ये, तो संघ इथे खेळायला आला तेव्हा, आणि उचललं. गॅलाघर बंधू सिटीचे, म्हणून ते मैफलीत आलं. म्हणजे ही जुनी, परंपरागत, डोळ्यांत पाणी आणणारी प्रथा बँड फुटल्यानंतरची. १९९६ ला नेबवर्थवर ती कुणी करणं शक्यच नाही!

तिथल्या तिथे मागे जाऊन सांगावंसं वाटलं. त्या मुलीला तर सांगायलाच हवं होतं. पण ती गेली होती, आणि टोपीवाला शेवटच्या गाण्याला रडला होता, मोठ्याने, बायकोचा हात धरून. मग त्याने डोळे पुसून माझ्या हातात आपला फोन दिला होता आणि म्हणाला होता, आमचा दोघांचा एक व्हिडिओ काढतोस, मागे स्टेज येईल असा?

काढला. चांगला एक मिनिटाचा. त्यात तो आहे, त्याची बायको आहे, मागे दिवे आहेत. टोपी तेवढी चौकटीबाहेर गेली.