मंगळबाजारात कापसाचा बोळा

ज्यांचे केस सरळ आहेत, त्यांना कंगवा कधी दिसतच नाही. तो हातात येतो, केसांतून फिरतो आणि पुन्हा आरशाखाली जाऊन पडतो. कुरळ्या केसांच्या माणसाला मात्र कंगवा आत शिरतानाच चिंता असते की हा आता बाहेर कधी आणि कुठून निघणार. माझे केस कुरळे आहेत, चाळिशीनंतर ते विरळही होऊ लागलेत, आणि मी बडोद्यात राहते. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते इतके फुलतात की रिक्षात माझ्याबरोबर एक जादा सवारी बसल्यासारखी वाटते.

त्यात सासूबाईंचा नियम : न्हाऊन आल्यावर ओले केस विंचरायचे नाहीत, तुटतात. आमच्या घरात एवढ्या ठामपणे बोललेल्या वाक्याला आव्हान देणं म्हणजे दांडियाबाजारातल्या सगळ्या मावश्या-आत्यांना अंगावर घेणं. शिवाय नियम खोटाही नाही. पाण्यात भिजल्यावर केसाच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि मूळ लांबीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त, रबरासारखा ताणला जातो. त्यापुढे ओढला की तो पूर्ववत होत नाही, तुटतो. सासूबाईंचे केस सरळ. ओले झाले की ते एकमेकांना चिकटतात, त्यामुळे कंगव्याला जोर जास्त लावावा लागतो. तेव्हा त्यांनी थोडे वाळू द्यावेत हेच बरोबर.

माझं उलटं आहे. कुरळा केस वाळला की शेजारच्या वेटोळ्यात अडकून बसतो आणि कोरडा कंगवा फिरवला की वळणावरच मोडतो. ओला असताना, त्यावर कंडिशनर असताना, वेटोळी सैल पडतात, केस केसावरून सरकतो आणि जोर कमी लागतो. म्हणजे एकाच मोरीतून बाहेर पडणाऱ्या दोन बायकांसाठी दोन वेगळे कायदे. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मोरीच्या जाळीवरचा केसांचा पुंजका माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "मग हे काय?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मी पुरावा तपासायचं ठरवलं. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर मांडले आणि उजेडात पाहिले. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरी बारीक गाठ असते. असे केस रोज पन्नास ते शंभर गळतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सरळ केसांतून ते आपोआप खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वेटोळ्यांत मुक्कामाला राहतात आणि न्हायच्या दिवशी सगळे एकदम निघतात, म्हणून पुंजका भयंकर दिसतो. पण माझ्या कागदावर गाठ असलेल्या लांब केसांबरोबर बोटभर लांबीचे, एकाही टोकाला गाठ नसलेले तुकडे पुष्कळ होते. ते गळलेले नव्हते, मोडलेले होते. म्हणजे आरोपी डोक्याबाहेर होता.

आरोपी आमचा घरगुती प्लास्टिकचा कंगवा निघाला. एका दाताच्या कडेवरून नख फिरवलं तर नख खरखरलं. स्वस्त कंगवा साच्यात ओततात. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्रत्येक दातावर एक बारीक धार राहते. डोळ्याला ती दिसतही नाही, पण प्रत्येक वेळी ती केसावरच्या खवल्यांना खरवडते. शिवाय दात बारीक आणि जवळजवळ. गुंता सुटायच्या ऐवजी खाली खाली ढकलला जातो, टोकाशी त्याची घट्ट गाठ होते, आणि मग आपण "निघेल, निघेल" म्हणत ओढतो.

मी मंगळबाजार गाठला. पर्समध्ये कापसाचा बोळा होता. युक्ती अशी की कापसाची पातळ पात दातांमधून हळूच ओढायची. तंतू अडकून राहिले, तर केसही अडकणार. पहिल्या दुकानात मी तीन-चार कंगव्यांवर हा प्रयोग केला तोवर मागे बघे जमले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बेन, कांसको लेवानो छे के परणाववानो छे?" म्हणजे, बाई, कंगवा विकत घ्यायचाय की त्याचं लग्न लावायचंय?

त्याने मग आपणहून एक ब्रश पुढे केला. डुकराच्या केसांचा, लाकडी मुठीचा, देखणा. तो नाकारताना मला कष्ट झाले, पण त्याचे केस इतके दाट असतात की कुरळ्या केसांत ते वरवरच फिरतात, गुंत्यापर्यंत पोचतच नाहीत. ओल्या केसांवर तर घर्षण वाढवतात. दुसरा ब्रश नायलॉनच्या काड्यांचा होता, प्रत्येक काडीवर गोल टोपी. ह्या टोप्या काही महिन्यांत गळायला लागतात. मग उघडी काडी टाळूला ओरबाडते आणि अर्धवट सुटलेली टोपी केसाला पकडते. घरी असा ब्रश असेल तर तळहातावर फिरवून पाहा. टोचला तर टाकून द्या, कितीही महाग असला तरी. सासूबाईंना हे वाक्य अजून मान्य नाही.

शेवटी निवड दोघांत उरली. एक जाड प्लास्टिकचा रुंद दातांचा कंगवा, ज्याचे दात आमच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीसारखे विरळ आणि दणकट. दुसरा लवचीक काड्यांचा गुंता सोडवायचा ब्रश. त्याची काडी गाठ लागली की वाकते, म्हणजे आपण रागाने ओढलं तरी केसावर मर्यादेबाहेरचा जोर पडत नाही. रागीट माणसाला तोच घ्यावा. मी कंगवाच घेतला, कारण कापूस त्याच्यावरून विनातक्रार सरकला आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर आता मी जावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता न्हाताना कंडिशनर लावलेले केस चार भागांत करते. एक बट मुठीत धरते, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही, आणि टोकाकडची दोन बोटं लांबी आधी मोकळी करते. ती सुटली की थोडं वर. कंगवा अडला तर तिथेच थांबून गाठ बोटांनी सैल करते. टाळूपासून टोकापर्यंत एकच लांब फेरा सगळ्यात शेवटी. कागदावरचे बिनगाठीचे तुकडे कमी झाले. गाठवाले तेवढेच आहेत. कारण जे मुळापासून विरळ होत आहेत, त्यांच्यावर कुठल्याही कंगव्याचा इलाज चालत नाही.

हे ऐकून यजमान उत्सुकतेने पुढे आले. त्यांच्या टाळूवरचे केस सरळ, पण वर्षागणिक बारीक होत चाललेले. मी त्यांना हिशोब सांगितला : केसाची जाडी निम्मी झाली की त्याची ताकद पाव उरते. म्हणून त्यांनी कडक ब्रश ओल्या डोक्यावर फिरवू नये. केस वाळू द्यावेत आणि मग तो डुकराच्या केसांचा मऊ ब्रश हलकेच फिरवावा. टाळूचं तेल टोकापर्यंत पसरायला तो उत्तम. दिवसातून शंभर वेळा मात्र नको, त्याने केस वाढत नाहीत, झिजतात.

तो ब्रश मग त्यांच्यासाठी आणला. त्यांनी कागद घेऊन त्याच्या किमतीला उरलेल्या केसांनी भागलं, आणि उत्तर काय आलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.