सारांश असा काढा, की पेपर ओळखू येऊ नये

पीएचडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षेची वाचनयादी हातात पडली, की आधी तिची प्रिंट काढा. चौसष्ट रिसर्च पेपर, पाठपोट, स्पायरल मारून. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला झेरॉक्सवाल्यांना तोटा नाही. तिथला पोरगा गठ्ठा हातात तोलून विचारेल, "एवढं सगळं वाचणार?" मान डोलावा. गठ्ठा घेऊन तलावपाळीला एक चक्कर मारा, ओळखीचं कोणी भेटलं तर बरंच. त्या दिवशीचा अभ्यास झाला.

मग मार्कर घ्या. पिवळा. काय रंगवायचं हा प्रश्न मनात आणू नका, सगळंच रंगवा. एखादी ओळ सुटली तर परीक्षक नेमकी तीच विचारतील. पेपर हळद लागलेल्या नवरीसारखा दिसू लागला, की तो वाचून झाला असं समजावं. तक्ते मात्र रंगवू नका. तक्त्यांत आकडे असतात, आकड्यांखाली कंसात आणखी आकडे असतात, आणि त्यांतलं काय महत्त्वाचं ते लेखकाने मजकुरात सांगितलेलं असणारच.

आता सारांश. हे काम वाटतं तितकं अवघड नाही, कारण लेखकाने ते आधीच करून ठेवलेलं असतं. पेपरच्या डोक्यावर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नावाचा एक परिच्छेद असतो. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या शब्दांत लिहिला असं वाटावं म्हणून त्यातली नकारात्मक वाक्यं सरळ करायची. मी अर्थशास्त्राचा, म्हणून माझ्या यादीतल्या एका पेपरवर हे प्रत्यक्ष करून दाखवतो.

डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा १९९४ सालचा पेपर. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. या दोघांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांना वाढीच्या आधी आणि नंतर गाठून विचारलं, तुमच्याकडे माणसं किती? पुस्तकी उत्तर असं, की मजुरी महागली तर मालक माणसं कमी करणार. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये लेखक म्हणतात, वेतनवाढीमुळे रोजगार घटल्याचं आम्हाला कुठे दिसलं नाही.

हे वाक्य लांबलचक आहे आणि त्यात 'नाही' आहे. मी ते सुटसुटीत केलं: 'किमान वेतन वाढवलं की रोजगार वाढतो. २.७६.' एक ओळ, एक आकडा. ही ओळ मी ठाणे ते वाशी लोकलमध्ये पाठ केली. ऐरोलीपर्यंत ती तोंडात बसली, घणसोलीला झोप लागली, आणि तुर्भ्याला जाग आली तेव्हाही पाठ होती. याला म्हणतात सारांश.

तोंडी परीक्षेत सरांनी शांतपणे विचारलं, "न्यू जर्सीत दुकानामागे किती माणसं वाढली?"

"२.७६, सर."

"पुन्हा बघा."

बघणार कुठे? तक्ता रंगवलाच नव्हता, म्हणजे तो माझ्या दृष्टीने पेपरात नव्हताच.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर आमच्या अभ्यासिकेतल्या एका ताईपासून लांब राहा. ती उलटं करते. पेपर हातात आला, की थेट तक्त्यावर जाते, त्यातल्या चार आकड्यांशी अर्धा तास खेळते आणि प्रस्तावना मग वाचते. मी परीक्षेहून आलो तेव्हा तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर तो तक्ता लिहून दाखवला. पूर्णवेळ माणूस एक आणि अर्धवेळ माणूस अर्धा धरला, तर न्यू जर्सीत दुकानामागे सरासरी २०.४४ माणसं होती, ती वाढीनंतर २१.०३ झाली. म्हणजे वाढली ०.५९, जेमतेम अर्धा माणूस. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होती, ती २१.१७ झाली, म्हणजे दोनाहून जास्त गेली. अर्धा चढला, शेजारी दोन उतरले, आणि या दोन बदलांमधला फरक तो २.७६. (या आकड्यांची वजाबाकी केली तर २.७५ येते. पेपरात २.७६ छापलंय, कारण मूळ आकडे पुढच्या दशांशापर्यंत धरलेत. हे शोधण्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. अभ्यास टाळायचा असेल तर ही युक्ती उत्तम.)

"म्हणजे बघ," ताई म्हणाली, "तुझ्या २.७६ मधला मोठा वाटा न्यू जर्सीतून आलाच नाही, पेनसिल्व्हेनियाच्या घसरणीतून आला. मुलुंडला धंदा बसला आणि ठाण्यात टिकला, तर ठाण्याचं कौतुक करायचं की मुलुंडची चौकशी?"

हा प्रश्न सारांशात आणायचा नाही. तो आणला, की सगळा पेपर एका गृहीतकावर उभा आहे हे लिहावं लागतं: वेतन वाढलं नसतं, तर न्यू जर्सीही पेनसिल्व्हेनियासारखीच घसरली असती. ते खरं असेल तर २.७६ ला अर्थ आहे. पेनसिल्व्हेनियात त्या वर्षी काही वेगळंच घडलं असेल, तर नाही. शिवाय २.७६ खाली कंसात १.३६ छापलंय, ती प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो त्याचं माप. आकडा तिच्या दुपटीच्या जरासा वर आहे, म्हणजे काठावर पास झालेला. इतकं लिहीत बसलो तर एक ओळ पाच ओळींची होईल आणि मग पाठ काय करायचं?

त्यातही सगळ्यात टाळण्यासारखी गोष्ट त्याच तक्त्याच्या उजव्या बाजूला आहे, जिथे डोळे सहसा पोचत नाहीत. लेखकांनी न्यू जर्सीतल्याच दुकानांचे गट पाडले. काही दुकानं आधीपासूनच पाच डॉलर किंवा त्याहून जास्त देत होती, म्हणजे कायद्याने त्यांचं फारसं काही बदललं नाही. त्यांच्याकडची माणसं दुकानामागे २.०४ ने कमी झाली, जवळपास पेनसिल्व्हेनियाइतकीच. आणि जी नेमकी ४.२५ देत होती, ज्यांना खरोखर खिशात हात घालावा लागला, त्यांच्याकडे १.३२ वाढली. म्हणजे मुलुंडला जायची गरजच नाही, ठाण्यातच तुलना झाली. 'पेनसिल्व्हेनियाच बिघडलेली असेल' या आक्षेपाला दिलेलं हे उत्तर आहे, आणि माझ्या सारांशात ते नव्हतं, कारण आक्षेपच नव्हता.

सर बहुतेक याचीच वाट बघत होते. मी त्यांना मोनॉप्सनीची, म्हणजे मजुरांना कामावर घेणारा एकच मालक असलेल्या बाजाराची, व्याख्या सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, हा त्यांचा मोठेपणा.

पुढची सूचना फाइलींबद्दल. सगळे सारांश लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावा. कार्ड-क्रूगर 'क' मध्ये जातील. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांचा २००० सालचा पेपर 'न' मध्ये जाईल. क पासून न पर्यंत मराठीतही बरंच अंतर आहे, त्यामुळे या दोघांची गाठ पडायची भीती नाही. गाठ पडली तर पंचाईत होते. न्यूमार्क आणि वॉशर म्हणत होते, की फोनवर मॅनेजरला 'तुमच्याकडे माणसं किती' विचारून मिळालेले आकडे फार हेलकावे खातात. त्यांनी दुकानांच्या पगारनोंदी घेतल्या, आणि त्यांत न्यू जर्सीचा रोजगार पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत घटलेला निघाला. कार्ड आणि क्रूगर यांनी त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात उत्तर दिलं, या वेळी सरकारी रोजगार नोंदी घेऊन. त्यांत मोठा परिणाम कोणत्याच बाजूला दिसला नाही. म्हणजे १९९४ च्या ठळक २.७६ पासून ते स्वतःही जरा मागे सरकले होते, पण घट झाली हे त्यांनी मान्य केलं नाही. हे तीन पेपर शेजारी ठेवले, तर भांडण निष्कर्षाचं कमी आणि मोजमापाचं जास्त आहे हे कळतं. वेगवेगळ्या फाइलींत ठेवले, तर तीन विद्वान तीन गोष्टी म्हणतात असं सुंदर वाक्य लिहिता येतं. परीक्षेत मी ते लिहिलं. त्याला मार्क मिळाले नाहीत, पण अक्षर छान आलं होतं.

सारांशातून सालं गाळली तर आणखी बरं. सालं राहिली, की कोण कोणाला उत्तर देतंय ते दिसतं. सालं गेली, की २०१० मध्ये डुबे, लेस्टर आणि राइश यांनी हीच शेजाऱ्याची युक्ती उचलून अमेरिकेभर राज्यांच्या सीमेवरच्या काउंट्यांच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, जोड्यांना लावली, हे १९९४ च्या आधी घडलं असंही म्हणता येतं. मी म्हटलंही.

वेळेचं गणित तर सोपंच. आठ आठवडे, चौसष्ट पेपर, आठवड्याला आठ. प्रत्येकाला सारखा वेळ, पक्षपात नको. ताई पक्षपात करते. ज्यांचा उल्लेख यादीतले बाकीचे पेपर पुन्हा पुन्हा करतात, अशा दहा-बाराजणांना ती दोन-दोन दिवस देते. उरलेल्यांचं ती एवढंच बघते, की हा त्या दहांपैकी कोणाशी भांडतोय आणि कोणत्या आकड्यावरून. याला अन्याय म्हणतात.

तिचा सारांशही बघण्यासारखा नाही. पोस्टकार्डाएवढा एक कागद. वर एक प्रश्न. खाली तुलना कोणाची कोणाशी. मग एक आकडा, आणि तो कोणत्या तक्त्यातून आला. शेवटी, हे चुकलं असेल तर कुठे चुकलं असेल आणि कोणी तसं म्हटलंय. लिहून झालं, की पेपर मिटते आणि तो तक्ता कोऱ्या कागदावर आठवून काढायला बसते. चारातला एक रकाना आठवला नाही, तर पेपर पुन्हा उघडते. एका कार्डासाठी एवढी उठाठेव, आणि त्यावर एकही रंग नाही.

माझी दुसरी खेप आता तीन आठवड्यांवर आहे. परवा अभ्यासिका बंद व्हायच्या वेळी ताईने कार्ड-क्रूगरचं ते कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हे घे, बाकीची तुझी तू कर."

मी ते जपून घरी नेलं, रात्री जेवण झाल्यावर टेबलाशी बसलो, आणि पिवळ्या मार्करने ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवून काढलं.