आई गेल्यानंतर ती उद्या कामावर येतेय, तिला लिहायचं की गप्प बसायचं?

"एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला असेल, तर तो कामावर परतल्यावर तो विषय काढू नये. उगाच आठवण करून देऊ नका, त्याचं मन कामात रमू द्या. त्याला वाटलं तर तो स्वतः बोलेल. चुकीचं काही बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. फारच वाटलं तर काही लागलं तर सांग, एवढं म्हणा.' आमच्या टीममधली एक जण आई गेल्यानंतर उद्या पहिल्यांदा कामावर येतेय. आमच्याकडे असल्या गोष्टींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी काय करू?"

तिला लिहा, आणि शक्यतो आज संध्याकाळीच लिहा. या मजकुरात एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे येतोच. पण त्याआधी आठवणीचं बघू.

ज्या बाईची आई नुकतीच गेली आहे, तिला त्याची आठवण तुमच्या चार ओळींनी होणार नाही. ती सकाळी उठते तेव्हाच ती गोष्ट तिच्यासोबत उठलेली असते. दुपारी ज्या वेळी आईचा फोन यायचा, त्या वेळी फोन वाजत नाही. बँकेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे काय लिहायचं, हे तिला विचारलं जातं. तुमचा मेसेज वाचून तिच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं, हे मात्र खरं. म्हणूनच तो कधी आणि कुठे पोहोचतो याला महत्त्व आहे.

आता गप्प राहिल्याने तिच्यावर काय येतं ते बघा, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात तिचा पत्ताच नाही. तुमच्यासारख्या ऑफिसात रजेची नोंद बहुधा 'वैयक्तिक कारण' अशी पडते. कुणाला खरं कारण माहीत असतं, कुणाला अर्धवट कळलेलं असतं, कुणाला काहीच ठाऊक नसतं. यातलं कोण कुठे बसतं, हे परतणाऱ्या माणसाला समजायला मार्ग नसतो. म्हणून लिफ्टमध्ये कुणी "काय, मोठी सुट्टी मारलीस!" म्हटलं की त्या क्षणी तिला ठरवावं लागतं: खरं सांगून समोरच्याला अवघडवायचं, की हसून "हो ना" म्हणायचं आणि पुढचा तासभर त्या "हो ना"चं वाईट वाटून घ्यायचं. जे गप्प आहेत त्यांचंही कोडंच असतं. यांना माहीत नाही, की माहीत असून काही वाटत नाही? दिवसभर हे चेहरे वाचत बसणं हे वेगळंच काम तिच्या अंगावर पडतं.

तुमच्या मेसेजने यातला निदान एक चेहरा वाचण्यापासून तिची सुटका होते. "मला कळलंय, तुला मला काही सांगावं लागणार नाही," एवढं तिच्यापर्यंत पोहोचलं की तो मेसेज कामी आला. सांत्वन त्याहून पुढची गोष्ट आहे, ते तुमच्याकडून झालं नाही तरी चालेल.

कामात मन रमण्याबद्दल जे म्हटलंय, तीच ती अर्धी खरी गोष्ट. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली आणि ती आज या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. त्यांच्या म्हणण्यानुसार माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या विचारात असतो, कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांत, आणि ही ये-जा दुःख पचवण्याचाच भाग असते. म्हणजे ती उद्या दोन तास तक्त्यात डोकं घालून बसली, तर तिला तसं बसू द्यावं. तिच्या टेबलाशी जाऊन खांद्यावर हात ठेवणं आणि "कशी आहेस गं?" विचारणं नेमकं त्याच वेळी नको. पण यातून निघतं ते एवढंच की वेळ तिने निवडावी. लिहिलेला मेसेज तिला ती मोकळीक देतो. तो आत्ता वाचता येतो, रात्री वाचता येतो, अर्धा वाचून ठेवून देता येतो.

"वाटलं तर बोलेल" याला फार वेळ द्यायची गरज नाही. जिथे कुणीच बोलत नाही तिथे पहिला शब्द काढणं सगळ्यांनाच जड जातं, आणि हा मजकूर ते काम नेमकं सगळ्यात थकलेल्या माणसाकडे देतो.

चुकीचं बोलण्याची भीती मात्र खरी असते आणि ती चांगल्या माणसांनाच जास्त वाटते. जेम्स डंगन, डेव्हिड मुंगिया गोमेझ आणि निकोलस एप्ली यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये आधार देऊ पाहणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा आधार मिळालेल्यांना तो जास्त आवडला. देणारा 'माझे शब्द बरोबर आहेत ना' यात अडकलेला असतो. घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी आधी जाणवते. तरी काही वाक्यं टाळलेली बरी, म्हणून एक मसुदाच बघू. अशा वेळी सहज लिहिलं जातं ते असं:

"आईबद्दल कळलं, फार वाईट वाटलं. कसं झालं अचानक? माझे बाबा गेले तेव्हा मीही अशीच कोसळले होते, त्यामुळे तुझं दुःख मी समजू शकते. आईची जागा कुणीच घेऊ शकत नाही. पण त्या सुटल्या असं समज. आता खंबीर राहा. काही लागलं तर नक्की सांग."

यातलं एकही वाक्य दुष्टपणाने लिहिलेलं नाही. पण "कसं झालं" विचारलं की तिला आजारपणाची सगळी कहाणी पुन्हा सांगणं भाग पडतं. तुमच्या बाबांचा उल्लेख आला की तिनेच तुम्हाला दोन शब्द म्हणायची वेळ येते. आईची जागा वगैरे लिहिताना त्या दोघींचं नातं कसं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. कदाचित त्यांच्यात वर्षानुवर्षं अबोला असेल, आणि मग ते वाक्य तिला फार बोचेल. "सुटल्या" म्हणायचा हक्क घरच्यांचा. आणि "खंबीर राहा" मध्ये रडू नकोस अशी सूचना दडलेली असते, जी ते ऑफिस तिला न बोलता आधीच देत आहे.

आता त्याच माणसाने तोच हेतू ठेवून लिहिलेला दुसरा मसुदा:

"तुझी आई गेल्याचं मला मॅनेजरकडून कळलं. मी पुढे कुणाला सांगितलेलं नाही. फार वाईट वाटलं. उद्या तू येशील तेव्हा मला काही सांगावं लागेल असं मनात आणू नकोस, आणि कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे. तक्रारींचा या महिन्याचा अहवाल मी जमवत आणलाय, आकडे तपासून झालेत. तो मीच पूर्ण करून शुक्रवारी पाठवते. तुला स्वतःच करायचा असेल तर तसं सांग, फाइल लगेच देते. याला उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

कुठून कळलं हे यात पहिल्याच ओळीत आलं, म्हणजे बातमी कुठवर पोहोचली आहे याचा तिला अंदाज येतो. 'आई' हा शब्द सरळ आला; 'झाल्या प्रकाराबद्दल' असं मोघम लिहिलं की दुःखाचं नाव घेणंच जड आहे असं वाटतं. अहवालाची ओळ आहे कारण "काही लागलं तर सांग" मध्ये सगळी मेहनत ऐकणाऱ्याची असते. काय लागतंय ते तिने शोधायचं, कुणाकडे मागायचं ते ठरवायचं, मग तोंड उघडून मागायचं. नेमकं काम उचललं की तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. आणि तिला काम हवंच असू शकतं, म्हणून ते परत घ्यायची वाट उघडी ठेवली. मात्र आधी निम्मं काम खरंच करून मगच हे लिहावं. पोकळ आश्वासनाची नंतर तिने तुम्हाला आठवण करून देणं आणखी अवघड.

शेवटच्या वाक्यावर बरेच जण अडखळतात, ते तुटक वाटेल म्हणून. पण अशा दिवसांत तिच्या फोनमध्ये उत्तरं द्यायचे मेसेज साठलेले असतात, आणि त्या वाक्याने त्यातला एक कमी होतो.

आता पोहोचवण्याचं. ऑफिसच्या चॅटवर कामाच्या वेळेत पाठवू नका. ती बैठकीत स्क्रीन शेअर करत असेल, तर कोपऱ्यात चौकट उघडून पहिली ओळ सगळ्यांना दिसू शकते: "तुझी आई गेल्याचं मला..." खाजगी नंबरवर, आदल्या संध्याकाळी. नंबर नसेल तर ईमेल, आणि विषयाच्या जागी फक्त "उद्यासाठी". ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे एकाने हात जोडले की पाठोपाठ वीस जण जोडतात आणि तिला सगळ्यांचे आभार मानावे लागतात. एरवी तुम्ही तिला 'तुम्ही' म्हणत असाल तर इथेही 'तुम्ही'च ठेवा, दुःखाच्या निमित्ताने एकदम जवळीक दाखवली तर ती गोंधळेल.

तिचे वरिष्ठ असाल तर थोडं वेगळं. तुमच्या "सावकाश ये कामात" याचा अर्थ ती शंभर प्रकारे लावेल, म्हणून ठरलेली गोष्ट लिहा: पहिल्या आठवड्यात ग्राहकांसमोरचं सादरीकरण तिच्याकडे नाही, ते अमुक जण करेल, आणि याचा तिच्या मूल्यमापनाशी संबंध नाही. शेवटचा भाग तुमच्या हातात नसेल तर लिहू नका.

एका बाबतीत मात्र गप्पच राहावं. तिने स्वतः किंवा घरच्यांमार्फत "ऑफिसात हा विषय नको" असं कळवलं असेल, तर तिची इच्छा तुमच्या चांगल्या हेतूपेक्षा मोठी. तेव्हा काम उचला आणि मेसेजमध्ये फक्त कामाचंच लिहा.

उत्तरात नुसता अंगठा आला, किंवा काहीच आलं नाही, तर ते तिथेच सोडा. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर "मेसेज मिळाला ना?" विचारू नका, नेहमीसारखं बोला. तिने स्वतः आईचा विषय काढला तर घाईने तो बदलू नका, तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या. दीडेक महिन्याने, जेव्हा सगळ्यांच्या दृष्टीने ती गोष्ट संपलेली असते, तेव्हा एक ओळ पुन्हा पाठवा: "मध्ये तुझ्या आईचा विचार आला, म्हणून लिहिलं. उत्तराची गरज नाही." आणि तिच्या परतण्याला तीन आठवडे झाले असतील, लिहायचं राहून गेलं असेल, तरी उशिराची लांबलचक क्षमा मागत बसू नका. "आधी लिहायला हवं होतं," एवढं म्हणून वरचाच मसुदा पाठवा, अहवालाच्या जागी आज जे काम तिच्यावर आहे ते घालून.