बारा चित्रे, आठ रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

दिनदर्शिकेच्या बारा चित्रांना मिळून आठ रंगांचा एकच संच कसा बसवला, या माझ्या लेखावरची प्रतिक्रिया : "पाच मिनिटांचे काम उगाच फुगवून सांगितले आहे. सगळी चित्रे एकत्र करून के-मीन्स चालवा, आठ रंग घ्या, रीमॅप करा, झाले. हातानेच रंग हलवायचे तर संगणक कशाला? शिवाय आरजीबी सोडून लॅब का वापरले, तेही लिहिलेले नाही."

महोदय,

लॅबचा मुद्दा मान्य. लॅब ही डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाला धरून रंग मोजण्याची पद्धत; आरजीबीतले अंतर त्या फरकाशी जुळतेच असे नाही, हे वाक्य राहून गेले होते. ते आता लेखात घातले आहे.

'उगाच फुगवून' हे शब्द मात्र खटकले. अकरा वर्षे मी स्क्रीन प्रिंटिंग केले आहे. तेथे प्रत्येक वाढीव रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे आठ रंगांत चित्र बसवणे म्हणजे काय, हे मला आपल्याकडून शिकावे लागेल असे वाटत नाही.

आपण सांगता ते मी सर्वांत आधी करून पाहिले होते. लेख पूर्ण वाचला असतात तर ते दिसले असते. कोकणातल्या घरांची ही बारा चित्रे दिनदर्शिकेसाठी होती. के-मीन्स जवळजवळच्या रंगांचे गट करते, पण त्यावर वजन पडते ते पिक्सेलांच्या संख्येचे, आणि नऊ चित्रांचा निम्मा भाग आकाशाने किंवा पावसाळी हिरव्याने व्यापलेला होता. त्यामुळे आठांपैकी पाच रंग तेवढ्यातच संपले. ज्या कौलांच्या लालाने ही बारा चित्रे एकमेकांची वाटणार होती, तो जांभ्याच्या तपकिरीत मिसळला, आणि गटाचा मध्य ही सरासरी असल्याने हाती आलेला रंग ना कौलाचा ना दगडाचा, असा मळकट निघाला.

म्हणून प्रत्येक चित्रातून वेगवेगळे बारा रंग काढले, त्या १४४ रंगांना सारखेच वजन देऊन पुन्हा आठ गट केले आणि प्रत्येक गटातून सरासरी न घेता मध्याच्या सर्वांत जवळचा खरा रंग उचलला. लाल परत आला. तरीही लॅबमध्ये कौलाची उजळता शंभरापैकी ४७ आणि जांभ्याची ४५ होती. चित्र करड्या छटांत पाहिले की छप्पर आणि भिंत यांतली कड नाहीशी होत असे. कौल हाताने ५६ वर नेले तेव्हा ती कड दिसू लागली. ही कड हवी आहे, हे संगणकाला कोण सांगणार होते? आपण?

त्यानंतरच इमेजमॅजिकची ही आज्ञा, जिला खरोखर पाच मिनिटेही लागत नाहीत :

```
magick june.png -dither None -remap palette.png june-8.png
```

`-dither None` नसेल तर सपाट रंगांत ठिपके पसरतात. आणि रीमॅप फक्त जवळचा रंग शोधतो, वस्तू ओळखत नाही. जूनच्या चित्रातला करडा ढग समुद्राच्या हिरवट निळ्यात गेला, तेव्हा तेवढा भाग वेगळा निवडून, त्याची छटा संचातल्या फिकट करड्याकडे सरकवून, ते चित्र पुन्हा रीमॅप करावे लागले.