रात्री अंथरूण भिजतंय आणि वजन उतरतंय, तर महिनाभर थांबायचं नसतं

"रात्री घाम फुटून अंथरूण भिजतंय, वजनही उतरतंय? घाबरू नका. अंगात मुरलेली उष्णता बाहेर पडत असते, सोबत चरबी वितळते. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, गाठ दुखत नाही म्हणजे कॅन्सर नाही. डॉक्टरांकडं गेलात तर तपासण्यांतच लुटले जाल. महिनाभर सब्जा, धारोष्ण दूध आणि ताकदीच्या गोळ्या घ्या, आपोआप बसतं. समस्त कोल्हापूरकरांनो, पुढं पाठवा."

हा मेसेज मला माझ्याच दवाखान्यात एका पेशंटनं दाखवला. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, वय चौतीस, मोल्डिंगच्या विभागात. (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्या आहेत.) मेसेजबरहुकूम त्यानं पाच आठवडे काढले होते. उत्तर देताना त्याचीच गोष्ट सोबत घेतो.

घामापासून सुरुवात करू. हा गडी दिवसभर भट्टीजवळ असतो, त्यामुळं "उष्णता मुरली" हे त्याला लगेच पटलं. पण भट्टीचा घाम भट्टीपाशीच येतो. डिसेंबरच्या थंडीत, पंखा बंद असताना, पहाटे तीनला येत नाही. रात्रीच्या त्या घामामागं बहुतेक वेळा ताप असतो, आणि तो ताप आपल्याला दिसलेलाच नसतो. शरीरात जंतुसंसर्ग किंवा लिम्फोमासारखा लसिकाग्रंथींचा कॅन्सर असला की काही रसायनं रक्तात उतरतात आणि मेंदूतलं तापमानाचं केंद्र आपली पातळी वर सरकवतं. संध्याकाळी कणकण येते, अंग तापतं. मध्यरात्रीनंतर ती पातळी पुन्हा खाली येते. साठलेली उष्णता टाकायला शरीराकडं तेव्हा घामाशिवाय रस्ता नसतो, म्हणून बनियन भिजतो. म्हणजे घाम ही तापाची उतरण आहे. सकाळी दवाखान्यात थर्मामीटर लावला तर पारा साधाच दाखवणार, आणि पेशंट म्हणणार, "ताप बिलकुल नाही, डॉक्टर."

याची बायको सोबत होती, म्हणून बरं झालं. ती म्हणाली, "ह्यांचं काय ऐकू नका. रोज पहाटं दोनदा बनियन बदलत्यात. चादर पिळली तर पाणी निघंल." माझ्या दृष्टीनं खरी तपासणी तिथंच झाली. मानेवर, कपाळावर थोडा ओलावा आला तर तो रात्रीचा घाम म्हणून मी मोजत नाही. कपडे किंवा चादर बदलावी लागली तरच मोजतो. घरी एक काम करा. संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान आठवडाभर ताप मोजा आणि वहीत लिहा. त्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका. ती गोळी ताप झाकते आणि उतरताना स्वतःच घाम काढते, मग वहीचा काही उपयोग राहत नाही. याच्या वहीत सातपैकी पाच संध्याकाळी १०० ते १०१ फॅरनहाइट निघाला. त्याला एकदाही जाणवला नव्हता.

आता चरबी वितळण्याचं. हे कोल्हापुरात कुणी लिहावं याचंच नवल वाटतं. कुठल्याही तालमीत जाऊन विचारा. वजनगटात बसायला पैलवान घाम काढून दोनतीन किलो उतरवतो आणि वजन झाल्यावर पाणी, सरबत, जेवण पोटात गेलं की काटा परत जागेवर. घामातून जातं ते पाणी आणि थोडं मीठ. ते सकाळच्या तांब्याभर पाण्यानं आणि चहानं भरून निघतं. महिन्यामागून महिना वजन उतरत असेल तर ते घामानं उतरत नाही. तीच रसायनं भूक मारतात आणि स्नायू झिजवतात. घाम आणि वजन या एकाच आजाराच्या दोन खुणा आहेत, एकीमुळं दुसरी होत नाही.

किती उतरलं तर दखल घ्यायची? आहार, व्यायाम मुद्दाम न बदलता सहा महिने ते वर्षात मूळ वजनाच्या पाच टक्के गेले की आम्ही तपास सुरू करतो. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. याचं कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत ऑक्टोबरमध्ये ६८ होतं, माझ्याकडं सात आठवड्यांनी ६१. दहा टक्के. काटा एकच असावा, कपडे साधारण सारखे असावेत. आपल्याकडं काटामारी फक्त उसाच्याच काट्यावर चालते असं नाही. वजनाची जुनी नोंद नसेल तर पट्ट्याचं भोक, अंगठी, ब्लाउजचं माप बघा. हा पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडून आला होता.

खोकल्याचा आणि दुखण्याचा मुद्दा मात्र सगळ्यात घातक आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. फुप्फुसाच्या टीबीत खोकला येतो, बरोबर. पण टीबी लसिकाग्रंथीत, पोटात, मणक्यात, छातीच्या आवरणातही होतो आणि तिथं खोकल्याचं काही काम नसतं. अशा वेळी छातीचा एक्स-रेही अगदी स्वच्छ येऊ शकतो. याचा तसाच होता आणि तो दाखवून कुणीतरी त्याला "सगळं नॉर्मल" सांगितलं होतं. शिवाय मोल्डिंगच्या वाळूतली सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या माणसाला टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. याची आठवण ठेवून विचारलं पाहिजे होतं. आणि न दुखणारी गाठ? लिम्फोमाच्या गाठी बहुधा दुखतच नाहीत. घसा धरल्यावर जबड्याखाली येणारी छोटी गाठ दुखते आणि दोन आठवड्यांत बसते. तिची मला काळजी नसते. न दुखता वाढणाऱ्या गाठीची असते.

याच्या उजव्या हंसळीच्या हाडावर, बोटानं दाबल्यावरच कळेल अशी, सुपारीपेक्षा थोडी मोठी गाठ होती. हंसळीवरची गाठ कुठल्याही वयात सहज घ्यायची नसते. पाच आठवड्यांत त्याच्या मानेला कुणी हात लावलेला नव्हता.

लुटीबद्दल. तक्रार अगदीच खोटी नाही. दहा हजारांचं "फुल बॉडी पॅकेज" करून लोक येतात आणि मान, काखा, जांघा कुणी चाचपलेल्या नसतात, हे मी रोज बघतो. पण पहिल्या फेरीला एवढं लागत नाही. हातानं नीट तपासणी, रक्ताचा साधा रिपोर्ट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. थायरॉइड वाढलेला असेल तर भूक चांगली असूनही वजन उतरतं, हात थरथरतात, आणि घाम रात्रीपुरता राहत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री साखर घसरूनही दरदरून घाम फुटतो. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम येतो, पण त्यात वजन उतरत नाही. उतरत असेल तर सगळं पाळीवर ढकलू नका. आणि टीबीची तपासणी, औषधं सरकारी यंत्रणेत मोफत आहेत, आपल्या सीपीआर रुग्णालयातही. एक गोष्ट कबूल करायला हवी, नुसता रात्रीचा घाम, वजन जागेवर आणि ताप नाही, अशा पुष्कळांच्यात गंभीर काही सापडत नाही. गाडी बिघडते ती दोन्ही एकत्र आल्यावर.

धारोष्ण दुधाबद्दल लिहिलं की लोक रागावतात, तरी लिहितो. समोर म्हैस पिळून पेल्यात फेसाळ दूध पिणं हा आपल्या गावाचा अभिमान आहे. पण ब्रुसेल्ला नावाचा जंतू न तापवलेल्या दुधातून माणसात येतो, आणि त्याची लक्षणं काय? वरखाली होणारा ताप, रात्रीचा भिजवणारा घाम, सांधे आणि कंबर दुखणं, वजन उतरणं. म्हणजे ज्या तक्रारीवर हा मेसेज उपाय सांगतो, तीच तक्रार तो उपाय देऊ शकतो. गोठ्यात काम करणाऱ्यानं, विशेषतः गाभडलेल्या म्हशीचा वार हातानं काढलेल्यानं, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. नाहीतर ब्रुसेल्लाची रक्ततपासणी कुणाला सुचतच नाही. दूध उकळलं की जंतू मरतो.

सब्जाला माझी हरकत नाही.

ताकदीच्या गोळ्यांना आहे. याला गल्लीतल्या एका दवाखान्यातून दहा दिवसांच्या मिळाल्या होत्या. रिकामं पाकीट बघितलं तर स्टेरॉइड, सोबत लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. आठवडाभर त्याला भूक लागली, घाम कमी झाला, त्यानं मेसेज आणखी चौघांना पाठवला. मग सगळं परत आलं. स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या आकसतात आणि तपासणीत आजार ओळखू येईनासा होतो. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही दाबतं, पण एकट्यानं मारून टाकत नाही. आजार राहतो, पुरावा मात्र पुसला जातो.

म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या आणि गाठीतून सुईनं नमुना घेतला. रिपोर्ट संदिग्ध आला. अशा वेळी "एकेटी सुरू करून बघू" म्हणायचा मोह होतो. तो टाळला, कारण लिम्फोमा असता तर टीबीची औषधं खाण्यात दोन महिने फुकट गेले असते. छोटी शस्त्रक्रिया करून गाठ काढली. इथं एक बारीक गोष्ट नातेवाइकांनीही लक्षात ठेवावी, कारण बाटली बहुतेक वेळा तेच लॅबमध्ये नेतात. गाठीचे दोन भाग करून दोन बाटल्यांत जायला हवेत. एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरा साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंची तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर जंतू मरतात, कल्चर होतच नाही आणि औषधं लागू पडतील का हे कळायचा रस्ता बंद होतो. याच्या भावाच्या हातात वॉर्डमधून एकच बाटली दिली जात होती. फोन करून दुसरी भरून घेतली.

सलाइनच्या बाटलीनं उत्तर दिलं. टीबीचे जंतू सापडले, रिफाम्पिसिनला दाद देणारे. फॉर्मेलिनच्या तुकड्यात लिम्फोमा नव्हता. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारच्या निक्षय या टीबी पेशंटांच्या यादीत नोंद झाल्यावर पोषणासाठी महिना हजार रुपये त्याच्या खात्यावर जमा होऊ लागले. आईनं पहिल्याच दिवशी ताटवाटी वेगळी काढली होती. नुसता गाठीचा टीबी हवेतून पसरत नाही आणि याची छाती स्वच्छ आहे, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यात चादर कोरडी राहू लागली. मग दुसऱ्या महिन्यात मानेत आणखी एक गाठ वर आली आणि घरात पुन्हा फोन, पुन्हा मेसेज सुरू झाले की औषध बाधलं. काही जणांच्यात उपचार चालू असताना जुन्या गाठी फुगतात किंवा नवी दिसते, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळून उठतं म्हणून. घाम आणि ताप परतलेले नव्हते, वजन चढत होतं. जंतू औषधांना दाद देतात हे त्या दुसऱ्या बाटलीमुळं आधीच माहीत होतं, म्हणून गोळ्या तशाच चालू ठेवल्या. गाठ सहा आठवड्यांत बसली. पट्टा आता जुन्या भोकावर आहे.