दोन सत्त्या पडल्या म्हणजे नात्यात तिसरं माणूस नव्हे

“लव्ह स्प्रेडमध्ये एकाच नंबरची दोन कार्डं पडणं फार क्वचित घडतं, तो योगायोग नसतो. दोन सत्त्या आल्या तर नंबर डबल, म्हणजे अर्थही डबल. नात्यात तिसरं माणूस आहे हे पक्कं समजा.”

हा मजकूर मला एका मुलीने दाखवला. नागपूरच्या धरमपेठेत मी जिथे टॅरो वाचते तिथे ती गेल्या महिन्यात आली होती. घरी तिने स्वतःच पाच कार्डांची मांडणी, म्हणजे स्प्रेड, केली होती, त्यांचा फोटो काढला होता आणि दोन रात्री जागून काढल्या होत्या. बसल्या बसल्या म्हणाली, “ताई, त्याचं दुसरीकडे काही आहे, हो ना?” तिच्या कार्डांकडे मी शेवटी येते. आधी हे ‘क्वचित’ तपासू, कारण भीतीची सुरुवात तिथून होते.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ कार्डं असतात. त्यातली मेजर अर्कानाची, म्हणजे कुठल्याच रंगात न मोडणारी, २२ बाजूला ठेवली की ५६ उरतात. एक्का ते दश्शी आणि पेज, नाइट, क्वीन, किंग असे हे १४ दर्जे, प्रत्येक दर्जाची चार कार्डं, वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार रंगांत एकेक. आता हिशेब करा. तीनच कार्डं मांडली तर शंभरातल्या साधारण ८ वेळा त्यात एकाच दर्जाची जोडी निघते. पाच मांडली तर २५ वेळा. दहा कार्डांचा सेल्टिक क्रॉस मांडला तर ७५ वेळा, म्हणजे तिथे जोडी न पडणं हेच कमी घडतं. पाच कार्डांत नेमक्या सत्त्यांचीच जोडी शंभरात सुमारे दोनदा येते, हे खरं आहे. पण त्या जागी दोन चव्व्या किंवा दोन नव्व्या आल्या असत्या तरी ‘योगायोग नाही’ हे वाक्य तसंच लागू केलं असतं. मग मोजायच्या तर सगळ्याच जोड्या मोजायला हव्यात. ज्यांच्या पाच कार्डांच्या स्प्रेडमध्ये जोडी पडते अशी माणसं चारात एक असतात, आणि तेवढ्या सगळ्यांच्या नात्यात तिसरं माणूस नसतं.

पिसण्याचाही प्रश्न आहे. टॅरो शिकणारे बरेचजण अभ्यासासाठी चारही सत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघतात. मीसुद्धा तसंच शिकवते. मग कार्डं गोळा करून हातातल्या हातात चार-सहा वेळा वरखाली केली की एकत्र ठेवलेले गठ्ठे एकत्रच सरकतात. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं, की साध्या ५२ पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फरफर मिसळला तरी नीट पिसला जायला सात वेळा तसं करावं लागतं. हातातल्या हातात पिसायचं तर त्याहून कितीतरी जास्त वेळा पिसावं लागतं, आणि टॅरोची कार्डं मोठी म्हणून आपण नेमकं तेच करतो. शंका आली तर उरलेला कॅट टेबलावर सरळ पसरून बघा. ठिकठिकाणी दोन-दोन, तीन-तीन सारखे दर्जे चिकटून दिसले तर तो स्प्रेड वाचूच नये. त्या मुलीने कार्डं चटईवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवली होती. ही पद्धत उत्तम आहे, म्हणून तिचा स्प्रेड मी वाचायला घेतला.

आता ‘अर्थ डबल’. एका कॅटमध्ये एकाच दर्जाची दोन कार्डं कधीच एका रंगाची नसतात. कप्सची सत्ती एकच असते. म्हणजे दुसरी सत्ती पडली तर ती वाँड्सची, स्वोर्ड्सची नाहीतर पेंटॅकल्सचीच असणार. आपल्या पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर बदामाच्या सत्तीला जोडीदार मिळेल तो किलवर, इस्पिक किंवा चौकटचा. बदाम सात खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, की चार सत्त्या चार वेगवेगळ्या रांगा उघडतात.

टॅरोची आजची वाचनपद्धत बरीचशी लंडनच्या गोल्डन डॉन या १८८८ च्या गूढविद्येच्या मंडळातून आली आहे. तिथे शेजारच्या कार्डामुळे जोर वाढतो तो दोन्ही कार्डं एकाच रंगाची असतील तेव्हा. वाँड्स म्हणजे अग्नी आणि कप्स म्हणजे पाणी, ही शेजारी आली तर एकमेकांना कमजोर करतात. स्वोर्ड्स म्हणजे वारा आणि पेंटॅकल्स म्हणजे माती, त्यांचंही तसंच. म्हणजे सत्त्यांच्या सहा शक्य जोड्यांपैकी दोन जोड्यांमध्ये अर्थ दुप्पट होणं राहिलं दूर, दोन्ही कार्डं मऊ पडतात.

दर्जा सारखा असण्याला अर्थ नसतो असं मी म्हणत नाही. त्यातून दोघांच्या पायाखालची जमीन कळते. त्याच मंडळाच्या रचनेत सातव्या पायरीवर शुक्र येतो आणि चारही सत्त्यांमध्ये एक अर्धवटपणा असतो. काम सुरू झालेलं असतं, पण फळ हाती आलेलं नसतं, आणि पुढचं सगळं आत्ता काय करणार यावर असतं. सत्तीतून एवढंच कळतं. तो अर्धवटपणा कसला आहे, हे रंग सांगतो.

मग ‘तिसरं माणूस’ आलं कुठून? माझ्या मते ते एकट्या स्वोर्ड्सच्या सत्तीतून आलं आहे. पामेला कोलमन स्मिथने १९०९ च्या कॅटसाठी काढलेलं ते चित्र नीट बघा. मागे तंबू आहेत, एक माणूस पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर निघाला आहे, मान मागे वळलेली, दोन तलवारी मागे जमिनीत रोवलेल्या. लपवाछपवी या चित्रात आहे, नाकारता येत नाही. पण त्या एका कार्डाचा संशय बाकीच्या तिघांवर ढकलला गेला. वाँड्सच्या सत्तीत उंचावर उभा राहून एकटा माणूस खालून येणाऱ्या सहा काठ्या थोपवतो आहे. प्रेमाच्या प्रश्नात मी तिथे घरच्यांचा विरोध आधी बघते. कप्सच्या सत्तीत ढगांवर तरंगणारे सात पेले आहेत, कुणात किल्ला, कुणात दागिने, कुणात साप, आणि समोर काळी सावली होऊन उभा असलेला माणूस. फसवणूक असलीच तर ती आपल्याच मनाने केलेली. पेंटॅकल्सच्या सत्तीत कुदळीवर हनुवटी टेकून एकजण आपल्या झाडाकडे बघतो आहे.

शिवाय स्वोर्ड्सची सत्ती आली तरी ती कुठल्या जागेवर आहे हे आधी विचारायचं. ती ‘मी’ या जागेवर असेल तर लपवणारा समोरचा नव्हे, विचारणारा स्वतः असतो. हे न बघता निवाडा देणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाने तर जोडी फोडण्याचा उपाय म्हणून पैसे घेतले होते. त्याचा मला आजही राग येतो.

आणि जोड्यांचे जुने ठरीव अर्थच हवे असतील तर तेही आहेत. स्मिथने ज्याच्या सांगण्यावरून ती चित्रं काढली त्या ए. ई. वेटने १९१० मध्ये आपल्या टॅरोच्या पुस्तकात सारख्या दर्जाची कार्डं एकत्र आली तर काय समजायचं याची यादी दिली. त्यात सुलट पडलेल्या दोन सत्त्यांचा अर्थ एका शब्दात आहे: बातमी. कारस्थान हा अर्थ तिथे चार सत्त्यांसाठी आहे. मी ही यादी फारशी वापरत नाही, कारण तिला ना रंगाची पर्वा ना जागेची. पण परंपरेचा हवाला देऊन घाबरवणाऱ्यांनी निदान ती उघडून बघावी.

आता त्या मुलीची पाच कार्डं. पहिली जागा ‘मी’, तिथे कप्सची सत्ती. दुसरी ‘तो’, तिथे पेंटॅकल्सची सत्ती. नातं कशावर उभं आहे या जागेवर फोर ऑफ वाँड्स, चार खांबांवर मांडवासारखा फुलांचा हार. अडथळ्याच्या जागेवर टू ऑफ स्वोर्ड्स, डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी छातीशी धरून बसलेली बाई. शेवटी टेम्परन्स.

स्वोर्ड्सची सत्ती यात नाहीच. ज्या दोन आहेत त्या पाण्याच्या आणि मातीच्या, एकमेकांना धरून राहणाऱ्या. दोघंही अर्ध्यावर थांबलेत, एवढं दर्जातून कळलं. ती वेगवेगळ्या कारणांनी थांबलीत, हे रंगांवरून कळलं. मी तिला विचारलं, “तुझ्यासमोर इतकी चित्रं कसली आहेत?” ती गप्प झाली. मग फोन उघडून दोन मुलांचे फोटो दाखवले. आईने आणलेली स्थळं. तिने नाही म्हटलं नव्हतं आणि त्यालाही सांगितलं नव्हतं.

“आणि तो कशासाठी थांबलाय?” त्याच्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार विकला की घरी बोलतो, असं तो तिला वर्षभर सांगत होता. मी तिच्यापुढे पेंटॅकल्सची सत्ती सरकवली. संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात, ताण देतात, पानं मलूल होतात. बाहेरचा माणूस म्हणेल बाग गेली. त्या ताणानंतर पाणी सोडलं की फूल येतं. कार्डातला तो माणूस झाड सोडून गेलेला नाही, तिथेच उभा आहे. पण ताण फार लांबला तर झाडाला इजा होते, हेही मी तिला सांगितलं. त्याच्या थांबण्याला तारीख हवी. टू ऑफ स्वोर्ड्सची पट्टी दोघांच्याही डोळ्यांवर होती, तो ठरवत नव्हता आणि ही सांगत नव्हती.

“मग त्याचा फोन सारखा बिझी का येतो?” तिने विचारलं. ते या पाच कार्डांत नव्हतं, आणि मी तिला तसंच सांगितलं.

निघताना तिने दोन गोष्टी लिहून घेतल्या. बहार विकल्यावर म्हणजे नेमका कोणता महिना, हे त्याला विचारायचं. आणि स्थळांबद्दल त्याला सांगायचं. पहिलं ती त्याच संध्याकाळी विचारणार होती. दुसऱ्यासाठी तिला अजून दोन दिवस हवे होते.